कमी मिठाचे आणि फारसे चावावे न लागणारे जेवण: ७८ वर्षांच्या आईसाठी आखणी हवी आहे

माधवी_सातारा

नमस्कार. माझी आई ७८ वर्षांची असून तिचे वजन सध्या ४८ किलो आहे. तिला बऱ्याच वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे. सकाळी टेल्मिसार्टनची गोळी आणि तिच्याबरोबर लघवी वाढवणारी एक गोळी चालू आहे. खालची कवळी हिरडीवर टिकत नाही, त्यामुळे पोळी, काकडी, गवार, शेंगदाणे हे सारे एकेक करून ताटातून गेले. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवायचे आहे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

सध्या दोन्ही वेळा मऊ भात किंवा पेज, पातळ वरण आणि मधल्या वेळी चहात बुडवलेला टोस्ट, असे जेवण चालले आहे. आईचे म्हणणे असे की तोंडाला चवच नाही. म्हणून ती भातावर मीठ भुरभुरते, नाहीतर लिंबाच्या लोणच्याचा खार घेते. घरात पाच माणसांचा स्वयंपाक एकत्र होतो, तेव्हा तिच्या पोटात नेमके किती मीठ जाते हे मोजायचे कसे? दुसरी काळजी अशी की तिची पोलकी आता सैल होऊ लागली आहेत. एवढे मऊ जेवूनही वजन का उतरावे, हे मला कळत नाही.

आबा_तासगावकर

ताई, साधे मीठ घरातून बाहेर काढा आणि सैंधव आणा. ते नैसर्गिक असल्यामुळे रक्तदाबाला त्याचा त्रास होत नाही. आमच्या घरी सगळा स्वयंपाक त्याच्यावरच होतो. दुसरे म्हणजे ज्वारीची भाकरी सोडू नका. ताजी भाकरी गरम असतानाच पापुद्रा काढून कोमट दुधात कुस्करावी, झाकून ठेवावी आणि मग द्यावी. दात नसलेली माणसे आमच्या गावात आयुष्यभर अशीच जेवली. आपल्या भाकरीच्या पिठात मीठ नसते, हा आणखी एक फायदा.

शरयू

मी एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञ म्हणून काम केले आहे, आता निवृत्त आहे.

आबांचे भाकरीविषयीचे म्हणणे अगदी योग्य आहे. भात आणि भाकरी हे आपल्या ताटातले दोन मोठे भाग बिनमिठाचे असतात, हे आपल्या फार पथ्यावर पडते. सैंधवाबाबत मात्र मला स्पष्ट लिहावे लागेल. सैंधव आणि पादेलोण ही दोन्हीही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत. रंग आणि वास वेगळा असला तरी रक्तदाबाच्या दृष्टीने ते मीठच मोजायचे. नैसर्गिक म्हणून हात सैल सुटतो, तोच खरा धोका. शिवाय साध्या मिठात मिसळलेले आयोडीन सैंधवात सहसा नसते.

आता माधवीताईंच्या मूळ प्रश्नाकडे येते. माझ्या मते तुमच्या दोन्ही काळज्यांचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे पातळ वरण. जेवण मऊ करायचे म्हटले की आपण पाणी वाढवतो. पण जिभेला खारटपणा कळतो तो पदार्थात मीठ किती दाट आहे यावर. तीनशे मिलिलिटर पातळ वरण चवीला बरे लागावे म्हणून सुमारे अडीच ग्रॅम मीठ पडते. तेवढीच डाळ घट्ट घोटून सव्वाशे मिलिलिटरमध्ये दिली तर एक ग्रॅम मिठात तीच चव येते. म्हणजे पाणी वाढवले की एक तर मीठ वाढते, नाहीतर जेवण अळणी लागते आणि लोणच्याची बरणी उघडली जाते. वजनाचेही तसेच आहे. पेज आणि पातळ वरण यांनी पोट तुडुंब भरते, पण त्यातून डाळ, तूप, दूध यांचा वाटा फार थोडा जातो. तुमच्या आईंना दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम प्रथिने हवीत. पेज आणि टोस्टच्या जेवणात त्याच्या निम्म्याला पोचणेही कठीण असते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा बदलतो, तेव्हा क्रिएटिनिनचा अलीकडचा अहवाल डॉक्टरांना दाखवूनच तो ठरवावा.

मीठ मोजण्याची माझी पद्धत साधी आहे. घरातल्या काट्यावर एक-दोन ग्रॅम नीट मोजले जात नाहीत. म्हणून ३० ग्रॅम मीठ एकदाच मोजून आईंच्या नावाच्या छोट्या बरणीत भरावे आणि ती बरणी दहा दिवस पुरवावी. म्हणजे दिवसाला तीन ग्रॅम, सपाट चहाचा अर्धा चमचा किंवा त्याहून किंचित जास्त. उरलेल्या दोन ग्रॅमच्या जागेत दूध, भाज्या यांतले मूळचे सोडियम आणि एखादे वेळचे कमीजास्त सामावते. आईंच्या ताटात जाणारे सगळे मीठ याच बरणीतून यायला हवे. बरणी सातव्या दिवशीच संपली तर कोठे गळती आहे ते शोधावे.

पाच माणसांचा स्वयंपाक वेगळा करायची गरज नाही. कुकरमध्ये डाळ आणि भाजी बिनमिठाची शिजवावी, फोडणीही बिनमिठाचीच घालावी, आईंचा वाटा बाजूला काढावा आणि मग बाकीच्या पातेल्यात मीठ टाकावे. त्यांच्या वाट्यात मीठ शिजताना घालू नये, वाढताना वरून घालून एकदाच हलक्या हाताने ढवळावे. पदार्थाच्या वरच्या थरात राहिलेले मीठ जिभेला आधी लागते, त्यामुळे थोडक्यात भागते.

जयंत_ठाणे

माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूच्या झटक्यानंतर असाच त्रास आहे. आम्ही त्यांना सगळे मिक्सरमधून काढून पाण्यासारखे पातळ करून देतो, तरीही पाणी पिताना त्यांना ठसका लागतो. तेव्हा माझा सल्ला असा की जेवण जितके पातळ तितके चांगले, आणि ते शरयूताई म्हणतात तसे घट्ट करू नये.

शरयू

जयंतराव, तुमच्या सासऱ्यांची अडचण वेगळी आहे, आणि ती लवकर दाखवण्यासारखी आहे. माधवीताईंच्या आईंना चावता येत नाही. तुमच्या सासऱ्यांना गिळताना त्रास होतो आहे, असे दिसते. अशा माणसाला पातळ पदार्थच अधिक धोक्याचे असतात, कारण पाणी घशात वेगाने उतरते आणि श्वासनलिका वेळेत बंद होत नाही. जेवताना ठसका लागणे, जेवणानंतर आवाज ओला किंवा घोगरा होणे, अन्न गालात साठून राहणे, वारंवार छातीत कफ होऊन ताप येणे, ही त्याची लक्षणे आहेत. त्यांना गिळण्याची तपासणी करणाऱ्या वाचा-उपचारतज्ज्ञांकडे न्यावे. पातळ पदार्थ किती घट्ट करायचे हे तेच ठरवतील, इथे कोणी अंदाजाने सांगू नये. तोवर त्यांना पाठ सरळ ठेवून बसवून, लहान घोट देत, घाई न करता भरवावे.

माधवीताई, आईंमध्ये यापैकी काही दिसते का, ते एकदा लक्षपूर्वक पाहावे.

माधवी_सातारा

पाणी पिताना ठसका लागत नाही आणि आवाजही स्वच्छ आहे. फक्त जेवायला पाऊण तास लागतो आणि पालेभाजीचे दोरे तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवलेले असतात.

कोकणकन्या

ते दोरे म्हणजे देठाच्या शिरा. पालक किंवा चाकवत द्यायचा असेल तर फक्त पाने घ्यावीत, शिजवून रवीने घोटावीत आणि त्यात मुगाची शिजलेली डाळ मिसळावी. मेथी, अंबाडी आणि शेपू यांचे देठ कितीही शिजवले तरी तोंडात राहतात. दुधी, लाल भोपळा, पडवळ आणि शिरा काढलेला दोडका या भाज्या मात्र अशा तोंडासाठीच जन्माला आल्या आहेत.

पदार्थ पुरेसा मऊ झाला की नाही, हे पाहायची एक खूण मी माझ्या सासूबाईंच्या वेळी शिकले. घास ताटलीत ठेवावा, त्यावर काटा ठेवून अंगठ्याने दाबावा. अंगठ्याचे नख पांढरे पडेल इतक्या जोराने घास चेपला गेला आणि काटा उचलल्यावर पुन्हा फुगून वर आला नाही, तर तो हिरडीनेही चेपता येतो. पनीरचा तुकडा या परीक्षेत हमखास नापास होतो, तो फुगून परत वर येतो. तेच पनीर हाताने कुस्करून, दुधाचा हबका मारून, भोपळ्याच्या भाजीत घातले की चालते. पोळी आणि ब्रेड मऊ वाटतात, पण लाळेने त्यांचा चिकट गोळा होऊन टाळूला बसतो.

आणखी एक गोष्ट, जी शहरातल्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. घरात वर्षाची भरलेली चिंच बहुधा मीठ लावून ठेवलेली असते. कोकमाच्या आगळात तर मिठाचा मारा असतो आणि आमसुलांनाही पुष्कळदा मीठ लावलेले असते. तेव्हा मीठ कमी करून आंबटाने चव आणायची आणि त्यासाठी आगळ ओतायचे, असे करू नये. लिंबू, टोमॅटो, ताजे आंबट ताक, मोसमात कैरी, हे बरे. माशांत ओले बोंबील आणि काटे काढलेली सुरमई ताटात सहज विरघळतात. खारवलेला मासा मात्र पूर्ण वर्ज्य.

सुहास_नाशिक

दोन प्रश्न आहेत. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, ते घेतले तर ही सारी मोजमापे टळतील ना? आणि आमच्या काकांना आम्ही पूर्ण अळणी जेवण चालू केले होते. पुढे उन्हाळ्यात ते बरळू लागले, चालताना तोल जाऊ लागला, आणि तपासणीत रक्तातील सोडियम फार खाली गेलेले निघाले. मग मीठ वाईट म्हणायचे की चांगले?

शरयू

आधी दुसरा प्रश्न घेते, कारण तो माधवीताईंनाही लागू आहे. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, विशेषतः थायझाइड वर्गातल्या, शरीरातून सोडियम बाहेर टाकतात आणि वयस्क बायकांमध्ये हे अधिक आढळते. त्यात जेवण अळणी, भूक कमी आणि उन्हाळ्यात नुसते पाणी भरपूर, असे झाले की रक्तातील सोडियम घसरते. म्हणूनच मी तीन ग्रॅमची बरणी सांगितली, रिकामी बरणी सांगितली नाही. नवा गोंधळ, सुस्ती, मळमळ, तोल जाणे अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. घरी मीठ-पाणी पाजून वाट पाहू नये.

कमी सोडियमच्या मिठात सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाला ते उपयोगी पडते. पण टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल यांसारख्या गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. त्यांच्या जोडीला हे मीठ आणि रोजचे शहाळे आले की पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. माधवीताईंच्या आईंनी ते आपल्या मनाने सुरू करू नये.

आबा_तासगावकर

सैंधवाचे म्हणणे मी विचारात घेतो, जरी मन पूर्णपणे मानत नाही. पण मग बाजारच्या वस्तूंचे काय? टोस्ट तर गोड लागतो, त्यात कसले आले मीठ?

शरयू

आबा, गोड लागणाऱ्या वस्तूंतच मीठ लपते. पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये छापलेला असतो, त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते निघते. म्हणजे ४०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर एक ग्रॅम मीठ. आकडा शंभर ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, हे मात्र पाहावे. टोस्ट, खारी, ब्रेड, पाकिटातले सूप हे सगळे या हिशेबात बसतात. खाण्याचा सोडा हाही सोडियमच आहे. एक ग्रॅम सोडा म्हणजे सोडियमच्या दृष्टीने पाऊण ग्रॅमच्या आसपास मीठ झाले. झटपट ढोकळा, सोडा घालून शिजवलेली डाळ आणि पापडखार घातलेला पापड, भाजलेला असो वा तळलेला, यांना त्यामुळे जागा नाही. जेवणानंतर पित्तासाठी पाण्यात टाकून फसफसणारी पूड घेण्याची सवय कित्येक वृद्धांना असते. तिच्या एका पाकिटात दिवसाच्या वाट्याचा मोठा भाग संपतो, आणि जेवणाच्या हिशेबात तिची कोणी नोंदच करत नाही.

माधवीताईंसाठी एका दिवसाची मांडणी लिहिते. सकाळी चहाबरोबर टोस्टऐवजी पिकलेल्या केळ्याचे पातळ काप. न्याहारीला दुधात शिजवलेले नाचणीचे सत्त्व, आणि अंडे चालत असेल तर एक मऊ उकडलेले अंडे साय घालून कुस्करून, त्यावर मिरपूड आणि बरणीतले अर्धा ग्रॅम मीठ. दुपारी वाटीभर मऊ भात, त्यावर हिंग, जिरे आणि हळद यांची फोडणी दिलेले मुगाचे घट्ट वरण, एक चमचा तूप आणि वाढताना लिंबू. यात एक ग्रॅम मीठ. सोबत लाल भोपळ्याचे दह्यातले भरीत, ज्याला मूळची गोडी असल्यामुळे अर्ध्या ग्रॅममध्ये भागते. चार वाजता पपई किंवा चिकू आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातलेले बिनमिठाचे ताक. रात्री आबांची दुधातली भाकरी, किंवा ज्वारीच्या कण्या, आणि त्याबरोबर घोटलेला डाळपालक, त्यात उरलेले एक ग्रॅम. दिवसभरात दूध चहासकट चारशे मिलिलिटर, दही-ताकासाठी दीडशे ग्रॅम दही आणि दोन्ही वेळची मिळून कोरडी डाळ पन्नास ग्रॅम इतके झाले, तर अंडे धरून प्रथिने पन्नासच्या जवळ जातात. अंडे नको असेल तर त्या जागी कुस्करलेले घरचे पनीर घ्यावे.

पहिले दोन-तीन आठवडे आई तक्रार करतील, कारण जिभेला कमी मिठाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. त्या काळात लिंबू, लसूण, आले आणि भाजलेले जिरे यांचा हात सैल सोडावा. लोणच्याचा खार मात्र टेबलावरूनच हलवावा, कारण समोर बरणी असताना माणसाने स्वतःला आवरावे ही अपेक्षा मला तरी अन्यायाची वाटते.

देवदत्त_दंतवैद्य

आहाराबद्दल उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून फक्त तोंडापुरते लिहितो. वजन उतरले आणि वय वाढले की हिरडीखालचे हाड झिजते आणि खालची कवळी हलू लागते. अशा वेळी आतून नवा थर देऊन ती पुष्कळदा पुन्हा बसवता येते, नवीनच करावी लागते असे नाही. कवळीखाली फोड आला असेल तर माणूस जेवण टाळतो आणि कारण सांगत नाही, तेव्हा ती काढून बोटाने हिरडी तपासावी. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन घेणाऱ्यांपैकी काहींच्या उरलेल्या दातांभोवती हिरड्या सुजून वाढतात. माधवीताईंच्या आईंना ती गोळी नाही, पण धागा वाचणाऱ्या इतरांनी हे दंतवैद्याला आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांना, दोघांनाही सांगावे. स्वतः गोळी बंद करू नये.

माधवी_सातारा

सर्वांची मनापासून आभारी आहे. बरणी सुरू करून महिना होत आला. पहिली बरणी दहा दिवसांच्या आधीच संपली. शोध घेतला तेव्हा शेजारच्या काकू दुपारी प्रेमाने मिरचीचा ठेचा आणून देत होत्या आणि आई वरणातले मीठ वाचवून त्याची भरपाई केल्यासारखे भातावर जास्तीचे मीठ घेत होती, असे निघाले. आता काकू बिनमिठाची लसणाची चटणी मिक्सरमधून बारीक करून देतात.

वजन ४८ वरच स्थिर आहे, वाढलेले नाही. सकाळचा रक्तदाब मी पाच मिनिटे बसवून, पाठ टेकवून मोजते. वरचा आकडा पूर्वीपेक्षा थोडा खाली दिसतो आहे, पण परवा अंथरुणातून उठताना तिला किंचित घेरी आल्यासारखे झाले. हे कमी मिठामुळे असेल का? आणि चतुर्थीला ती साबुदाण्याची खिचडी सोडायला तयार नाही.

शरयू

घेरीकडे दुर्लक्ष करू नका. बसलेले असताना एकदा, आणि उभे राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी, असा रक्तदाब मोजा. वरचा आकडा वीस किंवा त्याहून अधिक उतरत असेल तर तो नोंदलेला कागद घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. मीठ कमी झाल्यावर आधीची मात्रा जास्त होऊ शकते. पण त्यामागे गोळीच आहे, पाणी कमी पिणे आहे की आणखी काही, हे मला इथून सांगता येणार नाही. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन यांची तपासणीही विचारून घ्या. तोवर त्यांना उठताना आधी काठावर बसू द्या.

वजन थांबले ही चांगली खूण आहे, पण ते दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी पाहत राहा. काही महिन्यांत अडीच किलोने उतरले तर नुसती आहाराची आखणी बदलून भागणार नाही.

कोकणकन्या

उपवासाला वरीचे तांदूळ ताकात मऊ शिजवावेत आणि दाण्याची आमटी घट्ट करावी, दाणे अगदी बारीक वाटून. साबुदाणा चिकट होतो आणि त्यातले दाण्याचे कूट कवळीखाली जाऊन टोचते. ज्यांचा हट्टच आहे त्यांना साबुदाण्याची दुधातली खीर द्यावी. खिचडीबद्दल मी माझ्या सासूबाईंना कधी पटवू शकले नाही, ते मला मान्य आहे.

आबा_तासगावकर

उपवासाला सैंधव चालते ना?

शरयू

चालते, आबा. पण तेही त्याच बरणीतल्या मिठाच्या बदल्यात, वरचे म्हणून नव्हे.